लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये प्लेस्टेशनचं चित्र का येत नाही?

प्रश्न : मी सांगलीला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. दिवाळीनंतर येताना घरून प्लेस्टेशन ४ घेऊन आलो. खोलीत टीव्ही नाही, पण लॅपटॉपचा स्क्रीन मोठा आणि फुल एचडी आहे. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट आहे, प्लेस्टेशनलाही आहे, केबल दोन्हीकडे नीट बसते. तरी लॅपटॉपवर काहीच दिसत नाही. केबल बदलली, ड्रायव्हर नवे टाकले, Windows आणि P दाबून सगळे पर्याय फिरवून पाहिले. टीव्हीवर ‘सोर्स’ बदलतो तसा पर्याय लॅपटॉपवर कुठे असतो? दुकानदार म्हणतो, यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर घे, काम होईल. घेऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तो अडॅप्टर घेऊ नका, पैसे वाया जातील. आणि ‘सोर्स’चा पर्यायही शोधत बसू नका, कारण तो लॅपटॉपवर नसतोच. तुमच्या केबलमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये कसलाही दोष नाही. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट फक्त चित्र बाहेर पाठवण्यासाठी बनवलेला असतो. प्लेस्टेशनचा पोर्टही बाहेर पाठवण्यासाठीच. तुम्ही दोन नळ एका पाइपने जोडलेत, बादली कुठेच नाही.

पोर्टचा आकार सारखा असला की त्याचं कामही सारखं असणार असं वाटणं साहजिक आहे, कारण यूएसबीने आपल्याला तशी सवय लावली आहे. पेनड्राइव्हमधून फाइल आतही येते, बाहेरही जाते. एचडीएमआयचं तसं नाही. २००२च्या डिसेंबरात हे मानक आलं ते डीव्हीडी प्लेअर, सेट टॉप बॉक्स यांच्याकडून टीव्हीकडे चित्र आणि आवाज नेण्यासाठी. एक देणारा, एक घेणारा, हे त्यात पहिल्यापासून ठरलेलं आहे. दोघांनाही एकाच आकाराचं सॉकेट दिलं, एवढाच काय तो गोंधळ. टीव्हीच्या मागे निदान HDMI IN असं छापलेलं असतं. लॅपटॉपवर नुसतं HDMI लिहितात, ‘आउट’ हा शब्द गाळतात.

केबल खोचल्यावर नेमकं काय होतं ते पाहिलं की सगळं उलगडेल. एचडीएमआयच्या सॉकेटमध्ये १९ पिना असतात. प्लेस्टेशन टीव्हीला जोडला की चित्र लगेच सुरू होत नाही. आधी प्लेस्टेशन १८व्या पिनेवर ५ व्होल्ट सोडतो. टीव्हीला ते ५ व्होल्ट दिसले की तो १९व्या पिनेवर उलट खूण करतो : मी इथे आहे, जोडला गेलो. ही खूण मिळाली की प्लेस्टेशन १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवरून टीव्हीतली एक छोटी नोंद वाचतो. तिला ईडीआयडी म्हणतात. १२८ बाइटच्या एकेका तुकड्यात टीव्हीने आपली माहिती लिहून ठेवलेली असते : मी अमुक बनावटीचा, मला १०८० पी चालतं, ७२० पी चालतं, आवाज असा चालतो. ती वाचून प्लेस्टेशन ठरवतो की कोणतं चित्र पाठवायचं, आणि मग खरा चित्राचा प्रवाह सुरू होतो.

आता टीव्हीच्या जागी लॅपटॉप ठेवा. प्लेस्टेशन १८व्या पिनेवर ५ व्होल्ट सोडतो, लॅपटॉपही सोडतो. प्लेस्टेशन १९व्या पिनेवरच्या खुणेची वाट पाहतो, लॅपटॉपही त्याच खुणेची वाट पाहतो. वाचायला ईडीआयडीची नोंद दोघांकडेही नाही, कारण ती घेणाऱ्याकडे असते. त्यामुळे पहिली पायरीच पार पडत नाही. प्लेस्टेशनच्या दृष्टीने केबलच्या दुसऱ्या टोकाला कुणी नाहीच, आणि लॅपटॉपच्या दृष्टीनेही नाही. म्हणूनच Windows आणि P दाबून उपयोग झाला नाही. त्या यादीतले चारही पर्याय लॅपटॉपने आपलं चित्र बाहेर कुठे पाठवायचं एवढंच विचारतात. अशा जोडणीने सहसा काही जळत नाही, तेव्हा तुम्ही केलेल्या प्रयोगांची धास्ती घेऊ नका.

कुणी म्हणेल, एखादं सॉफ्टवेअर टाकून १९व्या पिनेवर खूण करायला लावली तर? तरी भागणार नाही. केबलमधून १०८० पी, सेकंदाला ६० फ्रेम असं चित्र येतं तेव्हा तीन तारजोड्यांपैकी प्रत्येकीवरून दर सेकंदाला जवळजवळ १५० कोटी बिट धावत असतात. ते पकडायला घेणाऱ्याकडे वेगळं सर्किट लागतं. ते तारांना योग्य रोध देतं, घड्याळाचा ठोका पकडतं, बिट सुटे करून पुन्हा चित्राच्या ठिपक्यांत बसवतं. लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपमध्ये एचडीएमआयसाठी फक्त पाठवणारं सर्किट असतं. जे सर्किट बसवलेलंच नाही ते ड्रायव्हरने उगवत नाही.

दुसरी अडचण लॅपटॉपच्या आतली आहे. लॅपटॉपचा स्क्रीन काही एचडीएमआय पोर्टच्या मागे लावलेला मॉनिटर नव्हे. ग्राफिक्स चिपपासून बिजागरीतून एक पातळ केबल थेट पॅनेलपर्यंत जाते. आजकाल ती ईडीपी पद्धतीची असते, जुन्या लॅपटॉपमध्ये एलव्हीडीएसची. बाहेरून आलेलं चित्र पॅनेलवर दाखवायचं तर या वाटेत एक सांधा हवा, जो कधी ग्राफिक्स चिपचं तर कधी बाहेरचं चित्र पॅनेलकडे वळवेल. असे लॅपटॉप झालेच नाहीत असं नाही. २०११च्या सुमारास आलेल्या एलियनवेअर एम१८एक्समध्ये एचडीएमआय आत घेणारा वेगळा पोर्ट होता. ॲपलच्या २००९ ते २०१४ या काळातल्या काही आयमॅकचा पडदा मॉनिटरसारखा वापरता येत असे, पण त्यांची वाट एचडीएमआयची नव्हती, आधी मिनी डिस्प्लेपोर्टची आणि नंतर थंडरबोल्टची होती. तुमचा लॅपटॉप एचडीएमआय आत घेणारा असता तर त्यावर दोन एचडीएमआय सॉकेट दिसली असती किंवा IN असं छापलेलं असतं.

आता दुकानदाराच्या अडॅप्टरकडे येऊ. यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर लॅपटॉपच्या सी पोर्टमधून निघणारं डिस्प्लेपोर्टचं चित्र एचडीएमआयमध्ये बदलून मॉनिटरकडे देतो. त्याच्यातली चिप एकाच दिशेने काम करते. प्लेस्टेशनची केबल त्यात घातली तर पुन्हा दोन पाठवणारेच समोरासमोर येतील. साध्या यूएसबी पोर्टला लागणारे ‘यूएसबी ते एचडीएमआय’ अडॅप्टरही असेच, लॅपटॉपला जादा मॉनिटर जोडण्यासाठी असतात. दुकानात वस्तू उचलताना नावातला क्रम नीट ऐका. तुम्हाला ‘एचडीएमआय ते यूएसबी’ हवं आहे आणि पाकिटावर ‘कॅप्चर’ हा शब्द हवा. उलट्या क्रमाची वस्तू दिसायला अगदी तशीच असते. विंडोजमध्ये Projecting to this PC असाही एक पर्याय दिसेल. तो वायरलेस चित्र घेण्यासाठी आहे आणि समोरच्या यंत्राला मिराकास्ट यावं लागतं. प्लेस्टेशनला ते येत नाही.

मग चित्र आत कुठून आणायचं? लॅपटॉपच्या झाकणावरचा कॅमेरा बघा. तोही बाहेरचं चित्र आत आणतो आणि आतून तो यूएसबीलाच जोडलेला असतो. कॅप्चर कार्ड हेच करतं. त्याच्या एका टोकाला खरा घेणारा एचडीएमआय पोर्ट असतो. तो १९व्या पिनेवर खूण करतो, त्याच्याकडे ईडीआयडीची नोंद असते, प्लेस्टेशनला वाटतं टीव्ही जोडला गेला. दुसऱ्या टोकाने ते लॅपटॉपला सांगतं की मी एक वेबकॅम आहे. त्यामुळे बहुतेक कार्डांना ड्रायव्हरही लागत नाही.

पण कार्ड आणून खोचलं आणि पडदा काळाच राहिला, अशी तक्रार मी वारंवार ऐकतो. प्लेस्टेशन ४च्या बाबतीत बहुतेक वेळा कारण एकच असतं : एचडीसीपी. सिनेमांची नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआयवरचं चित्र कुलूपबंद करून पाठवण्याची ही पद्धत आहे. टीव्हीकडे त्याची किल्ली असते. कॅप्चर कार्डाला असं चित्र लॅपटॉपकडे उघडं करून द्यायची मुभा नसते, म्हणून ते काळा पडदा दाखवतं. प्लेस्टेशन ४ मुळात हे कुलूप चालू ठेवूनच येतो, पण खेळांसाठी ते काढायची सोय सोनीनेच दिली आहे. Settings मध्ये System मध्ये जा आणि Enable HDCP समोरची खूण काढा. प्लेस्टेशन ५वर हीच गोष्ट System मधल्या HDMI खाली आहे. कुलूप काढल्यावर सिनेमे दाखवणारी ॲप चालणार नाहीत. ती हवी असतील तेव्हा पुन्हा खूण करायची.

इथे तुमची खरी पंचाईत आहे, आणि कार्ड घेण्याआधी ती ध्यानात घ्या. खूण काढायची तर मेनू दिसला पाहिजे, आणि कुलूप लागलेलं असताना मेनूही कार्डातून दिसत नाही. म्हणजे एकदा तरी खरा टीव्ही किंवा एचडीएमआय मॉनिटर लागणार. मेसमधला टीव्ही असो की गावातल्या मित्राच्या घरचा, दहा मिनिटांचं काम आहे. ही फेरी घालाल तेव्हा तीन गोष्टी एकदम उरकून घ्या. पहिली, Enable HDCP ची खूण काढा. दुसरी, Settings, Sound and Screen, Video Output Settings इथे जाऊन Resolution हे 720p करा. त्याचं कारण पुढे सांगतो. तिसरी, Remote Play Connection Settings मध्ये Enable Remote Play वर खूण करा. तीही पुढे उपयोगी पडेल. एक्सबॉक्स किंवा निन्टेन्डो स्विच असता तर पहिल्या कामाची गरज नव्हती, कारण खेळ चालू असताना त्यांचं चित्र कुलूपबंद नसतं. फक्त स्विचला त्याचा डॉक लागतो. उलट प्लेस्टेशन ३चं एचडीएमआय नेहमीच कुलूपबंद असतं आणि ते काढायची सोय मेनूत नाही. त्याच्यासाठी लाल, हिरव्या, निळ्या पिनांची कॉम्पोनंट केबल आणि ती घेणारं कार्ड शोधावं लागतं.

आता ७२० पी का म्हणालो ते सांगतो. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारं कार्ड म्हणजे पेनड्राइव्हएवढी काळी कांडी. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 4K लिहिलेलं असतं, कधी आतलं प्लास्टिक यूएसबी ३सारखं निळंही असतं. यातल्या पुष्कळ कांड्यांत एमएस२१०९ ही चिप असते, आणि ती यूएसबी २.०ची आहे. 4K हा आकडा ती किती मोठं चित्र आत घेऊ शकते याचा आहे. लॅपटॉपला ती देते जास्तीत जास्त १०८० पी, तेही सेकंदाला ३० फ्रेम. घेतल्यावर खात्री करायची तर Device Manager मध्ये त्या कॅमेऱ्याच्या Properties मध्ये Details उघडा आणि Hardware Ids बघा. तिथे हे दिसलं तर चिप तीच :

```
USB\VID_534D&PID_2109
```

यूएसबी २.०वर एवढंच का मावतं, याचा हिशेब कागदावर करता येतो. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या आणि वेबकॅमच्या नेहमीच्या YUY2 पद्धतीने प्रत्येक ठिपक्याला १६ बिट दिले, तर दर सेकंदाला सुमारे १९९ कोटी बिट होतात. यूएसबी २.०ची कागदावरची क्षमताच ४८ कोटी बिट. चौपटीहून जास्त पाणी त्या पाइपातून जाणार कसं? म्हणून ही चिप प्रत्येक फ्रेम मोबाइलच्या फोटोसारखी दाबून जेपेग करते आणि अशा फोटोंची माळ पाठवते. या पद्धतीला MJPEG म्हणतात. अक्षरांच्या लाल कडा थोड्या पसरलेल्या दिसतात त्या यामुळेच. दाबूनसुद्धा ही चिप १०८० पीला सेकंदाला ३० फ्रेमच देते. ७२० पी घेतलं तर मात्र पूर्ण ६० देते. खेळताना ठिपक्यांपेक्षा फ्रेमची संख्या हाताला जास्त जाणवते, म्हणून या कांडीवर मी नेहमी ७२० पी निवडतो. प्लेस्टेशननेच ७२० पी पाठवलं की कांडीला चित्र लहान करायचं कामही उरत नाही.

लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. Sources खालचं अधिकचं चिन्ह दाबून Video Capture Device निवडा आणि यादीतून कांडीचं नाव घ्या. त्या खिडकीत Resolution/FPS Type हे Custom करा, Resolution 1280x720, FPS 60, Video Format MJPEG आणि Buffering हे Disable. हे ‘आपोआप’वर सोडू नका. अनेकदा ओबीएस YUY2 निवडतं, आणि न दाबलेलं फुल एचडी चित्र यूएसबी २.०मधून ही चिप सेकंदाला ५ फ्रेमच देऊ शकते. चित्र स्लाइड शोसारखं तुकड्यातुकड्याने सरकत असेल, तर लॅपटॉप मंद आहे असं समजू नका. आधी Video Format तपासा. मग ओबीएसच्या Settings मध्ये Video खालीही आकार 1280x720 आणि फ्रेम 60 ठेवा. तिथे ३० राहिलं तर कार्डाने दिलेल्या निम्म्या फ्रेम ओबीएसच टाकून देतं. शेवटी चित्रावर उजवं बटण दाबून Projector चा पर्याय घेतला की चित्र पूर्ण पडद्यावर जातं. कांडी यादीत दिसते पण ओबीएस ती उघडू शकत नाही असं झालं, तर विंडोजच्या Privacy सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲपना कॅमेरा वापरायची परवानगी आहे का ते बघा. विंडोजसाठी कांडी हा कॅमेराच आहे.

आवाजाची एक खोड सांगून ठेवतो. ही चिप आवाज देते तो विंडोजला ९६ किलोहर्ट्झचा एकेरी आवाज म्हणून दिसतो. प्रत्यक्षात तो ४८ किलोहर्ट्झचा डावा-उजवा स्टिरिओ असतो, दोन्ही बाजूंचे नमुने एकाआड एक गुंफलेले. त्यामुळे दिशा हरवते, कधी आवाज खरखरीतही लागतो. ओबीएसमध्ये तो ऐकायचा तर Advanced Audio Properties मध्ये त्या साधनापुढे Monitor Only निवडावं लागतं, आणि तरीही तो थोडा उशिरा येतो. यावर सोपी तोड आहे. प्लेस्टेशन ४च्या कंट्रोलरला खाली हेडफोनचं भोक असतं. साधे वायरचे इअरफोन तिथे लावा आणि Settings, Devices, Audio Devices मध्ये Output to Headphones हे All Audio करा. आवाज थेट प्लेस्टेशनकडून कानात येईल, लॅपटॉपचा संबंधच राहणार नाही. हॉस्टेलच्या खोलीत सोबत्याची झोपही मोडणार नाही.

तरी एक गोष्ट सेटिंगने पूर्ण जाणार नाही : उशीर. चित्र कार्डात पकडलं जातं, दाबलं जातं, यूएसबीतून येतं, लॅपटॉप ते उलगडतो, ओबीएस रंगवतं आणि मग पॅनेलवर उमटतं. ६० फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, आणि यातल्या एकेका टप्प्यावर एखाददुसरी फ्रेम थांबून राहते. किती उशीर होतो हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमने, कंट्रोलरवरचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत येतील असं चित्रण करा. उडीचं बटण दाबा. मग चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत, बटण खाली गेल्यापासून पडद्यावरचा माणूस हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. समजा ४० मोजल्या, तर उशीर १६७ मिलिसेकंद. यात खेळाचा आणि कंट्रोलरचा स्वतःचा उशीर मिसळलेला असतो, म्हणून टीव्हीवर कुलूप काढायला जाल तेव्हा तिथेही हीच मोजणी करून ठेवा. दोन्हींतला फरक कार्ड आणि लॅपटॉपच्या वाटेचा. टीव्हीचा उशीर ‘गेम मोड’ चालू असेल तरच तुलनेला धरा, नाहीतर तो स्वतःच बराच खातो.

कथा उलगडत नेणारे खेळ, कोडी, सावकाश चालणारे डाव यांना हा उशीर चालून जातो. क्रिकेटमध्ये चेंडू टोलवायची वेळ साधायची असेल, किंवा मारामारीचे आणि नेमबाजीचे खेळ समोरच्या खऱ्या माणसाशी खेळायचे असतील, तर तो नडतो. अशा वेळी यूएसबी ३.०चं कार्ड घ्यावं. यूएसबी ३.०ची क्षमता सेकंदाला ५०० कोटी बिट, त्यातले सुमारे ४०० कोटी खऱ्या कामाचे. वर काढलेले १९९ कोटी त्यात न दाबता मावतात. म्हणून ही कार्डं १०८० पी आणि ६० फ्रेम YUY2मध्ये देऊ शकतात आणि दाबण्या-उलगडण्यातला वेळ वाचतो. मात्र लॅपटॉपचा पोर्टही यूएसबी ३चाच हवा आणि कार्डासोबत आलेलीच केबल वापरावी. जुन्या पोर्टला किंवा चार्जरच्या केबलने जोडलं तर महाग कार्डही कांडीच्या पातळीवर उतरतं किंवा चालतच नाही. या कार्डांना बहुधा आणखी एक एचडीएमआय पोर्ट असतो, टीव्हीकडे चित्र जसंच्या तसं पुढे देणारा. जे लोक खेळ रेकॉर्ड करतात ते टीव्हीकडे बघून खेळतात आणि लॅपटॉपला फक्त रेकॉर्डिंग करू देतात, म्हणून त्यांना उशीर जाणवत नाही. तुमच्याकडे टीव्ही नाही, तेव्हा त्या जादा पोर्टसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

एक वाट अशीही आहे की जिला कार्डच लागत नाही. सोनीचं पीएस रिमोट प्ले हे ॲप विंडोजवर मोफत मिळतं. त्यात प्लेस्टेशन स्वतःच आपलं चित्र दाबून नेटवर्कवरून लॅपटॉपकडे पाठवतो. तुमच्याकडे साधा प्लेस्टेशन ४ असेल तर जास्तीत जास्त ७२० पी मिळेल, प्रो असेल तर १०८० पी. कंट्रोलर यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायचा. सोनी ५ एमबीपीएस ही किमान गती सांगते आणि १५ असावी असं सुचवते. पण हॉस्टेलच्या वायफायवर अडचण बहुधा गतीची नसते. एकाच वायफायला शंभरेक फोन लटकलेले असले की चित्र थबकतं आणि पुन्हा धावतं. काही हॉस्टेलांत तर नेटवर्कवरच्या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. तुमच्या खोलीत एखादा जुना राउटर असेल तर प्लेस्टेशन आणि लॅपटॉप दोन्ही लॅन केबलने त्यालाच जोडा. मग चित्र खोलीतल्या खोलीत फिरेल, बाहेरचं इंटरनेट कितीही रडत असलं तरी. खातं जुळवायला मात्र सुरुवातीला इंटरनेट लागेल. याच वाटेसाठी टीव्हीच्या फेरीत Enable Remote Play चं काम सांगितलं. पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ हे करून पाहा. पुरेसं वाटलं तर कांडीचीही गरज नाही.

आणि तुमचं मुख्य काम खेळणं असेल, रेकॉर्ड करणं नसेल, तर मी कांडीनंतर थेट जुन्या मॉनिटरचा विचार करेन. जुना डीव्हीआय मॉनिटर मिळाला तर एचडीएमआय ते डीव्हीआय ही साधी केबल पुरते, कारण दोन्हींत चित्र नेण्याची पद्धत एकच आहे. फक्त डीव्हीआय मॉनिटर आवाज देत नाही, तो कंट्रोलरच्या भोकातून घ्या. फक्त व्हीजीए असलेला मॉनिटर मिळाला तर एचडीएमआय ते व्हीजीए असा चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तो त्या १८व्या पिनेवरच्या ५ व्होल्टवर चालतो. मानकाप्रमाणे पाठवणाऱ्याने तिथे किमान ५५ मिलिअँपिअर द्यायचे असतात, आणि काही कन्व्हर्टरांना तेवढे पुरत नाहीत. चित्र येतं, थोड्या वेळाने जातं, पुन्हा येतं असं झालं तर हेच कारण असतं. म्हणून बाजूला वीज घ्यायचं यूएसबी भोक असलेलाच कन्व्हर्टर घ्या. कुलूप काढण्याची गरज इथेही पडू शकते, व्हीजीएच्या वाटेवर किल्ली नसते.

घरात एखादा बंद पडलेला लॅपटॉप असेल तर त्याचं पॅनेल वाया जाऊ देऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, किंवा ऑनलाइन, एलसीडी कंट्रोलर बोर्ड मिळतात. त्यांच्या एका बाजूला खरा घेणारा एचडीएमआय पोर्ट असतो आणि दुसऱ्या बाजूने ईडीपी किंवा एलव्हीडीएस केबल पॅनेलला जाते. पॅनेल काढून त्याच्या पाठीवरचा क्रमांक वाचा आणि तोच क्रमांक विक्रेत्याला द्या, ‘१५.६ इंची’ एवढं सांगून भागत नाही. एकाच आकाराच्या पॅनेलांत पिनांची संख्या, रेझोल्यूशन आणि व्होल्टेज वेगळं असतं, आणि बोर्डावर पॅनेलच्या व्होल्टेजचा जंपर असतो. ईडीपी पॅनेलला साधारणतः ३.३ व्होल्ट लागतात. जंपर ५ किंवा १२वर राहिला तर पॅनेल पहिल्याच क्षणी जातं, म्हणून वीज लावण्याआधी केबल मोकळी ठेवून त्या टोकावर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून घ्या.